चौथ्या गटातलं अन्न: पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं आणि आपली तब्येत

तुमच्या फ्रिजमध्ये आत्ता दोन प्रकारचं दही असण्याची बरीच शक्यता आहे. एक साधं, कढी-कोशिंबिरीसाठी आणलेलं, आणि दुसरं मुलांसाठी आणलेलं छोट्या कपातलं स्ट्रॉबेरीचं. दोन्ही काढून त्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचा. साध्या दह्यावर बहुतेक एवढंच असेल: दूध आणि विरजणाचे जिवाणू. स्ट्रॉबेरीच्या कपावर दूध आणि साखरेनंतर मॉडिफाइड स्टार्च, पेक्टिन, फ्लेवर, रंग अशी यादी पुढे जाते. (काही कपांत जिलेटिन असतं. ते प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं, तेव्हा शाकाहारी वाचकांनी यादी शेवटपर्यंत वाचावी.) दोन्ही कप कारखान्यातच भरले गेले, दोन्हींतलं दूध पाश्चराइज केलेलं. तरीही आहारशास्त्रज्ञ आजकाल पहिल्याला एका गटात टाकतात आणि दुसऱ्याला 'अल्ट्राप्रोसेस्ड', म्हणजे अतिप्रक्रियित, या गटात.

हा शब्द गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून इतका आदळतो आहे, की त्याचा अर्थ 'पाकिटातलं वाईट खाणं' एवढाच उरला आहे. मूळ कल्पना त्याहून नेमकी आहे, आणि तिच्यामागचा पुरावा काही बाबतीत लोकांना वाटतो त्यापेक्षा भक्कम, तर काही बाबतीत बराच पातळ आहे.

कल्पना आली ब्राझीलमधून. साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो हे सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक तिथल्या घरांच्या किराणा खरेदीची आकडेवारी तपासत होते. देशात लठ्ठपणा वाढत होता, पण लोक विकत घेत असलेली साखर, तेल आणि मीठ मात्र कमी होत चाललं होतं! सगळा दोष साखर-तेलाचा, तर हे कसं? उत्तर असं, की साखर-तेल घरात येत होतंच, पण पिशवीतून नाही; ते बिस्किटं, शीतपेयं, सॉसेज आणि तयार जेवणांत लपून येत होतं. लोकांनी स्वयंपाकाचं सामान घेणं कमी केलं होतं आणि तयार वस्तू घेणं वाढवलं होतं. अन्नात कोणती पोषकद्रव्यं किती, एवढंच मोजून भागणार नाही, ते अन्न बनलं कसं आणि कशासाठी हेही पाहायला हवं, असं मोंतेइरोंनी २००९ मध्ये मांडलं. त्यातून 'नोव्हा' नावाचं वर्गीकरण उभं राहिलं. पोर्तुगीजमध्ये नोव्हा म्हणजे नवी.

नोव्हात चार गट आहेत. आपल्या स्वयंपाकघरातून पाहिलं, तर ते चटकन कळतात. पहिल्या गटात जसंच्या तसं किंवा जेमतेम हात लावलेलं अन्न येतं: तांदूळ, डाळी, कणीक, दूध, साधं दही, अंडी, मासे, भाज्या, फ्रोझन मटारसुद्धा. दळणं, वाळवणं, गोठवणं, पाश्चराइज करणं याही प्रक्रियाच आहेत, पण त्यांना इथे कुणी बोल लावत नाही. दुसऱ्या गटात त्या अन्नातून काढलेले आणि स्वयंपाकात वापरायचे पदार्थ: तेल, तूप, साखर, गूळ, मीठ. वनस्पतींतून काढलेला स्टार्चही यातच येतो, म्हणजे उपासाचा साबुदाणा काटेकोरपणे पाहिला तर दुसऱ्या गटातला. तिसऱ्या गटात पहिल्या दोघांचा साधा मिलाफ: लोणचं, चीज, खारवलेले दाणे, मीठ-पाण्यातले डबाबंद छोले, बेकरीतला साधा पाव. हे सारं मनात आणलं तर घरीही करता येतं.

चौथा गट अतिप्रक्रियित पदार्थांचा, आणि तो ओळखायची खूण 'कारखान्यात बनलं' ही नाही. खूण यादीतल्या दोन प्रकारच्या घटकांत आहे. पहिला प्रकार म्हणजे धान्य, दूध, सोयाबीन असलं अन्न मोडून वेगळे काढलेले तुकडे, जे कुठल्याही घरच्या डब्यात सापडणार नाहीत: माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज किंवा हाय-फ्रुक्टोज कॉर्न सिरप, सोया प्रोटीन आयसोलेट, हायड्रोजनेटेड तेल. दुसरा प्रकार म्हणजे पदार्थाचं रूप, चव आणि पोत सजवणारी द्रव्यं: फ्लेवर, रंग, कृत्रिम गोडी, इमल्सिफायर, घट्टपणा आणणारे डिंक. यातला एखादा जरी सापडला तरी नोव्हाच्या नियमाने तो पदार्थ चौथ्या गटात जातो. नुसतं प्रिझर्व्हेटिव्ह असलं म्हणून मात्र जात नाही. टिकवण्याची द्रव्यं तिसऱ्या गटालाही चालतात. 'नो प्रिझर्व्हेटिव्हज' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं पाकीट त्यामुळे खुशाल चौथ्या गटातलं असू शकतं.

तुम्ही राहता त्या देशानुसार यादीची भाषा बदलते. अमेरिकेत द्रव्याचं नाव पूर्ण लिहितात, त्यामुळे यादी लांबलचक आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकासारखी दिसते. ब्रिटन-युरोपात बऱ्याचदा ई-क्रमांक असतो, आणि इंडियन स्टोअरमधल्या भारतीय पाकिटावर 'इमल्सिफायर (४७१)' असा कंसातला आकडा. आकडे बहुतांशी एकच आहेत: ३२२ म्हणजे लेसिथिन आणि ४७१ म्हणजे मोनो आणि डायग्लिसराइड्स, मग पाकीट पुण्याहून आलेलं असो की लंडनचं.

पावाचं उदाहरण जरा सविस्तर पाहू, कारण आपण परदेशात आल्यावर पोळीच्या जागी जो पदार्थ सर्वांत गुपचूप आला, तो हाच. पोळीला लागतात कणीक, पाणी, मीठ आणि तेल. पावाला लागतात पीठ, पाणी, यीस्ट आणि मीठ, शिवाय वेळ. पीठ फुगायला काही तास द्यावे लागतात. इंग्लंडमध्ये १९६१ साली चॉर्लीवुड या गावातल्या संशोधन संस्थेने हा वेळ वाचवायची पद्धत शोधली. पीठ अतिशय वेगाने, काही मिनिटांतच जोरदार मळायचं, त्यात यीस्ट जास्त घालायचं, थोडी घट्ट चरबी, ॲस्कॉर्बिक ॲसिड आणि पुढे इमल्सिफायर घालायचे. कमी प्रोटीनच्या स्थानिक गव्हाचाही मऊ, उंच पाव त्यातून होतो, आणि तोही पिठापासून पाकिटापर्यंत साधारण साडेतीन तासांत. आज ब्रिटनमधला बहुतेक पाव असाच बनतो. इमल्सिफायरमुळे तो आठवडाभर मऊ राहतो. हा मऊपणा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

आता एक गैरसमज. चौथ्या गटात नाही म्हणजे हलकं, असं मुळीच नाही. घरचा तुपातला शिरा, चकली, शंकरपाळी, बासुंदी यांतलं काहीही नोव्हाच्या हिशेबात अतिप्रक्रियित नाही. पण फराळाचा डबा समोर घेऊन बसणाऱ्याचं वजन नोव्हा पाहून थांबत नाही. उलट, इंडियन स्टोअरमधलं फॉइलच्या पाकिटातलं तयार राजमा किंवा पालक पनीर आपण 'प्रोसेस्ड' म्हणून नाक मुरडून बाजूला ठेवतो. ते पाकीट बंद करून साधारण १२० अंशांच्या वाफेत शिजवलेलं असतं, म्हणून ते बाहेर टिकतं. अनेक ब्रँडांच्या यादीत डाळ, कांदा, टोमॅटो, तेल, मीठ आणि मसाले याखेरीज काही नसतं. अशी यादी असेल तर ते चौथ्या गटात येत नाही. मीठ मात्र बघावं लागतं.

इथवर झालं ते नुसतं वर्गीकरण. खरा प्रश्न पुढे आहे. अतिप्रक्रियित पदार्थांत साखर, मीठ आणि चरबी जास्त असते, आणि ती वाईट हे आपल्याला आधीच माहीत आहे. मग 'प्रक्रिया' हा वेगळा गुन्हेगार मानायची गरज काय? हीच शंका अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या केव्हिन हॉल यांना होती. सारखी पोषकद्रव्यं दिली तर फरक पडायला नको, असा त्यांचा अंदाज होता. तो तपासायला त्यांनी केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि या विषयात आजही सगळे त्याच्याकडेच बोट दाखवतात.

मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथल्या संस्थेच्या रुग्णालयात २० निरोगी माणसं, १० पुरुष आणि १० स्त्रिया, सलग २८ दिवस राहिली. दोन आठवडे त्यांना अतिप्रक्रियित जेवण मिळालं आणि दोन आठवडे पहिल्या गटावर आधारलेलं. कुणाला कोणतं आधी हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. अतिप्रक्रियित न्याहारी म्हणजे, उदाहरणार्थ, मधाच्या चवीचं सीरियल, दूध, ब्लूबेरी मफिन आणि मार्गारीन. साधी न्याहारी म्हणजे दही, स्ट्रॉबेरी, केळं, अक्रोड आणि सफरचंदाच्या फोडी. दोन्हींच्या ताटांत वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, कर्बोदकं, प्रोटीन, मीठ आणि तंतू शक्य तितके सारखे ठेवले. अतिप्रक्रियित जेवणात तंतू इतके कमी पडायचे, की ते लिंबू सरबतात विरघळवून द्यावे लागले! ताटात गरजेच्या जवळजवळ दुप्पट अन्न असायचं आणि सूचना एकच होती: हवं तितकं खा, हवं तितकं ठेवा. उरलेलं परत जाऊन वजन केलं जायचं. वजनावर प्रयोग आहे हे कळू नये म्हणून अंगात सैल कपडे, आणि वजनाच्या काट्यावरचा आकडा त्यांना दाखवायचा नाही.

निकाल असा: अतिप्रक्रियित आठवड्यांत माणसांनी दिवसाला सरासरी ५०८ कॅलरी जास्त खाल्ल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर रोज साधारण पाच पोळ्या. दोन आठवड्यांत त्यांचं वजन ०.९ किलोने वाढलं, आणि साध्या जेवणाच्या दोन आठवड्यांत तेवढंच उतरलं. यातलं सगळं चरबीचं नव्हतं, काही पाणीही होतं. चरबी वाढली ती सुमारे ०.४ किलो आणि घटली ती ०.३ किलो. म्हणजे दोन आहारांत साधारण ०.७ किलो चरबीचा फरक. रोजच्या ५०८ कॅलरी चौदा दिवस म्हणजे सुमारे ७,१०० कॅलरी, आणि एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. हिशेब बऱ्यापैकी जुळतो.

मला या प्रयोगातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. दोन्ही जेवणांची चव कशी वाटली असं विचारलं, तेव्हा लोकांनी दोन्हींना सारखेच गुण दिले. म्हणजे 'जिभेचे चोचले' हे सोपं स्पष्टीकरण इथे पुरत नाही. तीन गोष्टी मात्र वेगळ्या निघाल्या. अतिप्रक्रियित जेवण लोक जास्त वेगाने खात होते, दर मिनिटाला सुमारे १७ कॅलरी जास्त. साध्या जेवणाच्या दिवसांत भूक आवरणारं पीवायवाय नावाचं संप्रेरक वाढलेलं होतं आणि भूक चेतवणारं घ्रेलिन उतरलेलं. आणि जास्तीच्या कॅलरी आल्या त्या सगळ्या कर्बोदकं आणि चरबीतून. प्रोटीन दोन्हीकडे लोकांनी जवळजवळ तेवढंच खाल्लं. शरीर प्रोटीनचा ठरावीक वाटा पुरा होईपर्यंत खात राहतं, आणि अन्नात तो पातळ असला की तिथे पोचेपर्यंत बाकीचं जास्त खाल्लं जातं, अशी एक कल्पना आहे. तिच्याशी हे जुळतं, पण सगळा फरक त्यातून निघत नाही.

आता तो पावाचा मऊपणा. सफरचंद चावून खायला वेळ लागतो, त्याचा गर केला की कमी, आणि रस काढला की घोट घेतला की झालं. १९७७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका जुन्या प्रयोगात तेवढ्याच सफरचंदाचा रस अख्ख्या फळापेक्षा ११ पट वेगाने संपला होता, आणि पोट भरल्याची भावनाही रसाने सर्वांत कमी आली. अतिप्रक्रियित अन्नात धान्याची आणि भाजीची मूळ ठेवण बऱ्याचदा मोडलेली असते. ते मऊ असतं, किंवा कुरकुरीत असलं तरी तोंडात विरघळतं, आणि त्यात पाणी कमी असल्याने एका घासात कॅलरी जास्त बसतात. हॉल यांच्या प्रयोगात कॅलरींची दाटी वरवर सारखी दिसते, कारण सरबत धरून ती मोजली. पेयं बाजूला काढली, तर अतिप्रक्रियित ताटात एका ग्रॅमला जवळजवळ दुप्पट कॅलरी होत्या. प्रयोगावरचा हा रास्त आक्षेप आहे आणि त्यातून पुढचा प्रश्न निघतो: दोष 'अतिप्रक्रियित' असण्याचा, की मऊ आणि दाट असण्याचा?

नेदरलँडमधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात याचीच तपासणी झाली. तिथे दोन्ही आहार अतिप्रक्रियितच ठेवले. फरक फक्त पोताचा. एका आहारातले पदार्थ चावून सावकाश खावे लागतील असे, दुसऱ्यातले भराभर उतरतील असे. सावकाश खाव्या लागणाऱ्या आहारात लोकांनी दिवसाला साधारण ३७० कॅलरी कमी खाल्ल्या. म्हणजे चौथ्या गटातही चावावं लागणारं अन्न आणि न चावता उतरणारं अन्न यांत मोठं अंतर आहे. त्याच सुमारास टोकियोत झालेल्या एका छोट्या प्रयोगात, ९ पुरुषांवर, आठवडाभराच्या अतिप्रक्रियित जेवणाने दिवसाला ८०० हून अधिक कॅलरी जास्त खाल्ल्या गेल्या, आणि तिथेही चावण्याची संख्या कमी भरली. नऊ माणसांचा आकडा फार ताणू नये, पण दिशा तीच आहे.

'रुग्णालयात कोंडून दोन आठवडे' हा आक्षेप उरतोच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने तो बऱ्याच अंशी दूर केला. २०२५ मध्ये आलेल्या त्यांच्या प्रयोगात ५५ जणांना घरपोच जेवण दिलं, आठ आठवडे एका प्रकारचं आणि आठ आठवडे दुसऱ्या प्रकारचं. यातलं अतिप्रक्रियित जेवणही ब्रिटिश सरकारच्या आहार मार्गदर्शनात बसणारं होतं: ओट बार, तयार लसान्या वगैरे. दुसऱ्या बाजूला रात्री भिजवलेले ओट्स आणि घरगुती पद्धतीची स्पॅगेटी. हवं तितकं खा, हीच मुभा. वजन दोन्हींत उतरलं, पण साध्या जेवणात २.०६ टक्के आणि अतिप्रक्रियितात १.०५ टक्के. ७५ किलोच्या माणसाला हा फरक साधारण पाऊण किलोचा. या निकालाच्या बातम्या 'अतिप्रक्रियितनेही वजन घटतं' आणि 'अतिप्रक्रियितने निम्मंच घटतं' अशा दोन्ही मथळ्यांनी छापता येतात, आणि दोन्ही खरे आहेत. लोक आधी जे खात होते, ते या दोन्हींपेक्षा वाईट होतं, हे मधलं वाक्य मथळ्यात मावत नाही.

प्रयोगांतून कळतं ते भूक आणि वजनाबद्दल. हृदयविकार, मधुमेह, कर्करोग हे व्हायला वर्षानुवर्षं लागतात. तेवढा काळ कुणाला कोंडून खायला घालता येत नाही. तिथे लोकांच्या खाण्याच्या नोंदी ठेवून वर्षानुवर्षं वाट पाहणारे अभ्यास कामाला येतात, आणि 'अमुक खाल्ल्याने अमुक टक्के धोका' या मथळ्यांचा उगम तिथेच आहे.

फ्रान्समधला न्यूट्रिनेट-सान्ते हा असा एक मोठा अभ्यास आहे. त्यातल्या १,०५,१५९ जणांची माहिती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. आहारातला अतिप्रक्रियित वाटा, वजनाच्या हिशेबाने, १० टक्क्यांनी जास्त असला, तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचं प्रमाण १२ टक्क्यांनी जास्त आढळलं. बारा टक्के ऐकून घाबरण्याआधी मूळ आकडे बघा. सर्वांत जास्त अतिप्रक्रियित खाणाऱ्या गटात एक लाख माणसांमागे वर्षाला २७७ जणांना हे विकार झाले, सर्वांत कमी खाणाऱ्यांत २४२ जणांना. फरक लाखात ३५. एका माणसाच्या दृष्टीने तो लहान आहे. पण ब्रिटन-अमेरिकेत माणसांच्या निम्म्याहून जास्त कॅलरी चौथ्या गटातून येतात, आणि अमेरिकेतल्या मुलांमध्ये तो वाटा ६० टक्क्यांच्या वर आहे, तेव्हा आख्ख्या देशाच्या दृष्टीने तो लहान राहत नाही.

जगभरातल्या अशा अभ्यासांची मोट बांधून २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक आढावा आला. त्यात मिळून ९९ लाख लोक येतात. हृदयविकाराने मृत्यू, टाइप-२ मधुमेह आणि चिंता-नैराश्यासारखे विकार यांच्याशी असलेला संबंध त्यात सर्वांत पक्का ठरला. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. जो माणूस रोज रात्री तयार पिझ्झा गरम करून खातो, तो बहुतेक वेळा दोन शिफ्ट करणारा, कमी झोपणारा, कमी पगाराचाही असतो. संशोधक धूम्रपान, व्यायाम, शिक्षण, उत्पन्न यांचा हिशेब वजा करतात, पण आयुष्य पूर्ण वजा होत नाही. नैराश्याच्या बाबतीत तर उलटाही प्रवाह संभवतो: उदास माणसाला स्वयंपाक करावासा वाटत नाही.

मला सर्वांत उपयोगी वाटतो तो हार्वर्डचा पुरावा, कारण तो चौथा गट फोडून बघतो. परिचारिका आणि आरोग्यक्षेत्रातले इतर मिळून सुमारे दोन लाख लोकांच्या अनेक वर्षांच्या नोंदींतून २०२३ मध्ये दिसलं, की एकूण अतिप्रक्रियित खाण्याबरोबर मधुमेह वाढतो. पण कोणत्या पदार्थांमुळे? गोड आणि कृत्रिम गोडीची शीतपेयं, सॉसेज-बेकनसारखे मांसाचे पदार्थ, मैद्याचा पाव, तयार जेवणं, सॉस. त्याच गटातले गव्हाच्या पूर्ण दाण्याचे पाव, सीरियल्स, फळांचे पदार्थ आणि चवीची दहीसुद्धा मधुमेहाच्या कमी प्रमाणाशी जोडलेली निघाली. एकाच पोत्यात घातलेल्या वस्तू दोन उलट्या दिशांना जात असतील, तर पोत्याच्या नावावरून निकाल देणं धोक्याचं.

आणि पोत्यात काय घालायचं यावरही एकमत नाही. फ्रान्समध्ये अन्न-तज्ज्ञांनाच काही पदार्थ वाटून द्यायला सांगितलं, तेव्हा बऱ्याच पदार्थांबाबत त्यांची उत्तरं जुळली नाहीत. बाळांचं डब्यातलं दूध नोव्हाप्रमाणे चौथ्या गटात येतं. ज्या आईला अंगावर पाजता येत नाही, तिला ही माहिती देऊन काय साधणार? अमेरिकी सरकारने २०२५ च्या जुलैमध्ये अधिकृत व्याख्या ठरवण्यासाठी लोकांकडून माहिती मागवली, ती या गोंधळामुळेच.

मग ती भीतीदायक नावांची द्रव्यं? त्यांच्याबद्दल माणसांवरचा पुरावा अजून थोडा आहे. एका प्रयोगात १६ निरोगी माणसांना ११ दिवस ठरवून आखलेला आहार दिला. त्यांतल्या काहींच्या जेवणात कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज हे घट्टपणा आणणारं द्रव्य रोज १५ ग्रॅम होतं. हे खाणाऱ्यांच्या आतड्यांतल्या जिवाणूंची विविधता घटली, आणि दोघांच्या बाबतीत जिवाणू आतड्याच्या आतल्या श्लेष्माच्या थरात शिरलेले आढळले. लक्ष ठेवण्याजोगी गोष्ट आहे. पण रोजच्या खाण्यातून इतकं कुणाच्या पोटात क्वचितच जातं, आणि एका द्रव्याचा निकाल ४७१ किंवा लेसिथिनला लावता येत नाही. वजनाच्या बाबतीत तरी मऊपणा, दाटी आणि वेग यांवर मला जास्त विश्वास वाटतो, क्रमांकांवर कमी.

यामुळे घरातला क्रम बदलतो. पाव-बिस्किटांच्या यादीवर घासाघीस करण्याआधी शीतपेयं आणि पाकिटातले रस बघा. ते एकाही घासाला चावायला लावत नाहीत. मग सॉसेज, नगेट्स. गव्हाचा तपकिरी पाव चौथ्या गटातला असला तरी त्याच्यामागे लागायची घाई नाही. चवीचं दही हवंच असेल तर साध्या दह्यात घरीच फळ कुस्करून घालता येतं, आणि साखर किती ते तुमच्या हातात राहतं.

पैसे आणि वेळ यांचाही प्रश्न आहेच. हॉल यांच्या प्रयोगात रोजच्या २,००० कॅलरींचा आठवड्याचा कच्चा माल अतिप्रक्रियित आहाराला १०६ डॉलरला पडला आणि साध्या आहाराला १५१ डॉलरला, आणि शिजवणाऱ्यांच्या पगाराचा त्यात हिशेब नाही. दोघं नोकरी करणारं घर संध्याकाळी सहाला येतं, तेव्हा तो पगार घरातल्याच कुणाच्या तरी पायांतून वसूल होतो. पण त्या साध्या आहारात ताजी बेरी, अक्रोड आणि चिकनचे महाग तुकडे होते. तूरडाळ, तांदूळ, फ्रोझन भेंडी, मीठ-पाण्यातले छोले, फॉइलमधला राजमा, साधं दही यांचा हिशेब निराळा येतो. यांतलं काहीही चौथ्या गटात येत नाही, निम्मं तर कापावं-निवडावंही लागत नाही, आणि फ्रोझन भेंडी परतायला लागतो जेमतेम ओव्हनमध्ये पिझ्झा तयार होण्याएवढा वेळ.